लकव्याचं पोस्टर: भिंतीवर लावा, पण आधी हे वाचून घ्या



आपल्या संस्थेनं घरोघरी लावायला एक पोस्टर केलंय. विषय लकव्याचा. कुणी पक्षाघात म्हणतं, कुणी अर्धांगवायू, जुनी माणसं म्हणतात "अंगावरून वारं गेलं". डॉक्टर लोक स्ट्रोक म्हणतात. आजार एकच. पोस्टरवर जागा कमी असते, म्हणून त्यात फक्त "काय करा" आणि "काय करू नका" एवढंच आहे. ते "का", हे इथं सांगतो. कारण कळलं नाही तर ऐन वेळी माणूस पोस्टर बाजूला ठेवून शेजाऱ्याचं ऐकतो. हे आम्ही पाहिलंय.

आपल्याच एका सभासदाच्या घरची गोष्ट आहे. नाव देत नाही, घरच्यांना विचारूनच लिहितोय. वय बावन्न. बीपीची गोळी चालू होती, पण "आता बरं वाटतंय" म्हणून दोन महिन्यांपासून बंद केलेली. थंडीचे दिवस. पहाटे सव्वापाचला उठला, चहा घेतला, बायकोशी नीट बोलला. साडेपाचला जाळं उचलायला गेला तर उजव्या हातातून ते सुटलं. पायातली चप्पल निघून मागं राहिली, ते त्याला कळलंच नाही. हातावर झोपलो असेन, मुंग्या आल्या असतील, असं म्हणून तो परत आडवा झाला.

सव्वासहाला बायकोनं पाहिलं तर तोंड वाकडं आणि बोलणं लडबडलेलं. शेजारी जमले. कुणी तेल गरम केलं, कुणी हात चोळला. कुणी साखरेचं पाणी पाजलं, त्याचा जोराचा ठसका लागला. मोठ्या भावाला गावाकडून बोलावलं, त्याची वाट पाहिली. आठ वाजता मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं बीपी मोजलं, सलाईन लावलं आणि मोठ्या ठिकाणी न्यायला सांगितलं. मग पैसे, कपडे, कागदपत्रं, गाडी. नऊ वीसला गाडी निघाली. दोन तासांचा रस्ता. अकरा वीसला मोठ्या हॉस्पिटलात पोचले, पावणेबाराला डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकलीय, पण गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली.

माणूस वाचला. चालतो, पाय ओढत का होईना. पण उजव्या हाताची बोटं जाळ्याची गाठ मारू शकत नाहीत. नाव आता भाऊ चालवतो.

ही वेळ कशी निघून गेली, ते पुढं मिनिटं मोजून सांगतो. आधी पोस्टर.

पोस्टरवर काय आहे

१. तोंड: हसायला सांगा, दात दाखवायला सांगा. एक बाजू लटकते का?

२. हात: डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, दहापर्यंत मोजा. एक हात खाली येतो का?

३. बोली: "तापीचं पाणी आज वाढलंय" एवढं म्हणायला सांगा. शब्द अडखळतात का? भलतंच बोलतो का? सांगितलेलं कळत नाही का?

४. तोल आणि नजर: अचानक झोकांड्या जातात का? एकाएकी दिसेनासं झालं का, एकाचे दोन दिसतात का?

५. घड्याळ: शेवटचा धडधाकट कधी होता? ती वेळ कागदावर लिहा.

६. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच १०८ ला फोन.

पाणी नाही. गोळी नाही. मालिश नाही. कुणाची वाट पाहणं नाही.

खाली चार रिकाम्या ओळी आहेत, त्या तुम्हीच भरायच्या. कशा भरायच्या ते शेवटी सांगतो.

लक्षणं अशीच का?

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि उजवा भाग डावी. म्हणून एका बाजूची नस बंद पडली की शरीराची एकच बाजू जाते. पोस्टरवर दोन्ही हात सोबत उचलायला सांगितलेत ते यासाठीच. थकवा असला तर दोन्ही हात जड होतात. लकव्यात एक वर राहतो आणि दुसरा हळूहळू खाली उतरतो. डोळे मिटायला लावायचं कारण असं की उघड्या डोळ्यांनी माणूस हात पाहून पाहून सावरून धरतो. मिटले की खरं कळतं.

बोलण्याची जागा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते. म्हणून उजवा हात आणि बोलणं पुष्कळदा सोबतच जातं. आपले माजी पंतप्रधान अटल बिहारी वाजपेयी, ग्वाल्हेरचे. ज्यांचं भाषण ऐकायला मैदानं भरायची, त्यांना २००९ साली लकवा झाला आणि त्यानंतर त्यांचं बोलणंच गेलं. जीभ लुळी पडते एवढंच नसतं. कधी शब्दच सापडत नाही, कधी समोरचा काय म्हणतो ते कळत नाही. अशा माणसाला "हा आमचं ऐकत नाही, हट्टीपणा करतो" असं घरचे समजतात.

तोंड, हात, बोली ही तीन खुणांची पद्धत १९९८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेवरच्या लोकांसाठी तयार झाली. तोल आणि नजर नंतर जोडली, कारण मेंदूच्या मागच्या भागात गाठ अडकली तर तोंड-हात ठीक राहतात आणि माणूस फक्त झोकांड्या खातो. आपल्याकडं इथंच सगळ्यात मोठी चूक होते. घाटावर कुणी लडबडत बोलतोय, झोकांड्या खातोय, की लगेच "सकाळीच टाकून आला" म्हणून हसतात. टाकली असेल किंवा नसेलही. हात उचलायला लावा, हसायला सांगा. त्याला अर्धं मिनिट लागतं. आणि खरंच घेतलेली असली तरी घेतलेल्या माणसाला लकवा होत नाही असं कुठं आहे?

एक गोष्ट ध्यानात ठेवा, लकवा बहुतेक वेळा दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस ओरडतो, घर जागं होतं. इथं हात गुपचूप जातो, आणि माणूस म्हणतो, जरा पडतो, ठीक होईल. दुखत नाही म्हणूनच उशीर होतो. (डोक्यातली नस फुटली तर मात्र अचानक भयंकर डोकं दुखतं, आयुष्यात कधी दुखलं नसेल असं, सोबत उलटी होते. तेव्हाही १०८ च.)

आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही. शेअर बाजाराचं झिरोधा ॲप चालवणारे नितीन कामत, रोज व्यायाम करणारा माणूस. २०२४ च्या जानेवारीत, चव्वेचाळीस वर्षांचे असताना त्यांना झटका आला. तोंड लटकलं, लिहिता-वाचता येईना, हे त्यांनी स्वतः जाहीर लिहून सांगितलं.

मिनिटांचा हिशेब

मेंदूला रक्त लागतं ते साठवून ठेवता येत नाही. हात दाबून धरला तर अर्धा तास बधिर राहतो, मग परत चालू होतो. मेंदूचं तसं नाही. ज्या ठिकाणी रक्त पूर्ण बंद झालं तिथल्या पेशी काही मिनिटांतच मरायला लागतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत. पण त्या जागेच्या भोवती एक पट्टा असतो. त्याला आजूबाजूच्या बारीक नसांतून थोडं थोडं रक्त मिळत राहतं. तो भाग काम करत नाही, पण मेलेलाही नसतो. उन्हाळ्यात नदी आटल्यावर डोहात मासळी तग धरते, तसा. पाणी वेळेवर आलं तर जगते, नाही तर कडेकडेनं मरत जाते. सगळी धावपळ त्या पट्ट्यासाठी आहे.

अमेरिकेतले डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये याचा हिशेब मांडला. मोठी नस बंद पडली आणि उपचार झाला नाही तर सरासरी एका मिनिटाला १९ लाख पेशी मरतात. मालिशीची पंधरा मिनिटं म्हणजे जवळपास तीन कोटी.

गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं. ते लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर फायदा कमी आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त होतो, म्हणून डॉक्टर सहसा देत नाहीत. पण साडेचार तास आहेत म्हणजे साडेचार तास आरामात काढायचे, असं नाही. मोठ्या अभ्यासांत दिसलं ते असं: दीड तासाच्या आत इंजेक्शन दिलं तर साधारण चार-पाच जणांमागे एक जास्तीचा माणूस आपल्या पायावर, आपल्या कामावर परत जातो. तीन ते साडेचार तासांत दिलं तर चौदा जणांमागे एक. औषध तेच, हॉस्पिटल तेच, फरक फक्त वेळेचा.

आता आपल्या सभासदाची सकाळ परत मोजू. शेवटचा नीट होता सव्वापाचला. म्हणजे इंजेक्शनची मुदत पावणेदहापर्यंत. स्कॅन झाला पावणेबाराला, दोन तास उशिरा.

हा वेळ गेला कुठं? पाऊण तास झोपण्यात. त्यानंतर पावणेदोन तास तेल, शेजारी आणि भावाची वाट पाहण्यात. जवळच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेण्यात आणि मग गाडी-पैसे जमवण्यात एक तास वीस मिनिटं. रस्ता दोन तास. पोचल्यावर पंचवीस मिनिटं.

रस्ता आपल्या हातात नाही. बुऱ्हाणपूरहून खंडवा सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, इंदूर एकशेऐंशीच्या आसपास, आणि इकडं भुसावळ-जळगाव. तो रस्ता आहे तेवढाच राहणार. म्हणून रस्ता तसाच दोन तासांचा धरू आणि बाकीचं बदलून बघू. समजा साडेपाचला हातातून जाळं सुटलं तेव्हाच बायकोनं हात उचलायला लावले. पाच पस्तीसला १०८ ला फोन. सव्वासहाला गाडी निघाली, म्हणजे चाळीस मिनिटं गाडी यायला आणि माणूस चढवायलाच धरली. सव्वाआठला हॉस्पिटल, पावणेनऊला स्कॅन, सव्वानऊला इंजेक्शन. मुदत पावणेदहाची. अर्धा तास हातात राहिला. एवढ्या लांबच्या रस्त्यानं, एवढी ढील धरूनसुद्धा.

आणि त्यापेक्षा जवळ स्कॅन होत असेल तर आणखी चांगलं. म्हणूनच म्हणतो, आपल्या गावाला हॉस्पिटल लांब आहे म्हणून हातावर हात धरून बसायचं कारण नाही. उलट रस्ता लांब आहे, म्हणून घरातला वेळ आपल्याला परवडत नाही.

स्कॅन आधी, औषध नंतर

पोस्टरवर "गोळी नाही" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. काही जण म्हणाले, रक्त पातळ करायची गोळी तर हार्टवाल्याला लगेच देतात, मग इथं का नाही?

कारण लकवा दोन तऱ्हेचा असतो. शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी लकवे नसेत गाठ अडकून होतात. उरलेले नस फुटून, रक्त सांडून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तोंड वाकडं, हात लुळा. आपण सोडा, नुसतं बघून डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. नस फुटलेली असेल आणि आपण रक्त पातळ करायची गोळी दिली तर गळक्या नावेला आपणच भोक पाडल्यासारखं होईल. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये सांडलेलं रक्त पांढरं चमकतं, काही मिनिटांत कळतं. म्हणून आधी स्कॅन.

इथं आणखी एक गडबड होते. गाठीच्या लकव्यात पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन पुष्कळदा नॉर्मल दिसतो. "स्कॅन नॉर्मल आलाय, घरी घेऊन चला" असं नातेवाईक म्हणतात. तसं करू नका. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये डॉक्टर आधी हेच बघतो की रक्तस्राव तर नाही ना. नाही, हे कळलं की मगच इंजेक्शनचा रस्ता मोकळा होतो. स्कॅन नॉर्मल आणि हात लुळा, म्हणजे उपचार करायची हीच वेळ आहे.

बीपीचंही तसंच. लकव्याच्या वेळी बीपी वाढलेलं दिसतं. बंद नसेच्या आजूबाजूनं रक्त ढकलायला शरीर तो जोर लावत असतं. घरी घाबरून दोन-दोन गोळ्या दिल्या आणि बीपी एकदम पडलं, तर त्या तग धरलेल्या पट्ट्याचं उरलंसुरलं रक्तही जातं. किती कमी करायचं, कधी करायचं, ते हॉस्पिटलात ठरतं.

पाणी नाही, कारण लकव्यात गिळण्याची ताकद जाते. पाणी, चहा, साखरपाणी फुप्फुसात उतरतं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. आपल्या सभासदाला ठसका लागला तो असाच. आता कुणी म्हणेल, साखर कमी झाली असेल तर? बरोबर आहे, साखर फार खाली गेली तरी लकव्यासारखंच दिसतं. घरात साखर तपासायचं मशीन असेल तर मोजा, आकडा लिहा आणि १०८ वाल्यांना सांगा. पण ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात काही घालू नका. सलाईनमधून साखर देता येते.

मालिश, सुई टोचणं, कबुतराचं रक्त लावणं, झाडफूक. यावर मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, अडचण डोक्यातल्या नसेत आहे आणि आपण चोळतोय हात. देवाला नवस बोलायचा तर गाडीत बसून बोला, फेडायला नंतर जा.

"शेवटचा नीट कधी होता?"

हॉस्पिटलात पहिला प्रश्न हाच विचारतात. यात घरचे लोक चुकीचं उत्तर देतात, आणि त्यावरच इंजेक्शन द्यायचं का नाही ते ठरतं.

विचारायची वेळ "कधी पाहिलं" ही नसते. "शेवटचा धडधाकट कधी होता" ही असते. रात्री दहाला जेवून झोपला आणि पहाटे चारला जाळी काढायला उठवलं तेव्हा हात लुळा दिसला, तर वेळ चार नाही, दहा धरतात. कारण रात्री कधी झालं ते कुणाला माहीत? पण दोन वाजता तो लघवीला उठला होता, बायकोशी नीट बोलला होता, तर वेळ दोनची. हे फक्त बायकोला माहीत असतं, आणि गाडीत बसतात भाऊ आणि पोरगा. म्हणून ज्यानं शेवटचं नीट पाहिलं तो माणूस सोबत न्या, नाही तर त्याचा मोबाइल नंबर लिहून घ्या.

खोटी वेळ सांगू नका. इंजेक्शन मिळावं म्हणून वेळ कमी करून सांगितली तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

आणि साडेचार तास उलटले तरी घरी ठेवू नका. मोठी नस बंद असेल तर जांघेच्या नसेतून बारीक नळी घालून गाठ बाहेर ओढून काढता येते. ते सहसा सहा तासांत करतात, आणि खास स्कॅन करून निवडलेल्या पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंतही. ही सोय मोठ्या शहरातच असते. झोपेत झालेल्या लकव्यातही खास स्कॅननं कधीकधी वेळेचा अंदाज येतो. ते नाही जमलं तरी गिळणं, बीपी, साखर सांभाळणं आणि दुसरा झटका टाळणं हे हॉस्पिटलातच होतं.

नावेत असताना झालं तर

एकानं विचारलं, पाण्यात असताना झालं तर काय? वल्हं हातातून सुटतं, माणूस एका बाजूला कलतो. तो पाण्यात पडू नये हे पहिलं. त्याला नावेच्या मध्ये खाली कुशीवर झोपवा, उलटी झाली तर बाहेर येईल असं. उरलेली जाळी काढत बसू नका, खुणेला काही बांधून सोडून द्या. आणि आपल्या नेहमीच्या काठाला जायचा हट्ट नको. ज्या घाटापर्यंत चारचाकी येते, त्या घाटाला नाव लावा. रेंज मिळाली की तिथूनच १०८ ला फोन करा आणि घाटाचं नाव सांगा, राजघाट, नागझिरी, जो असेल तो. नुसतं "नदीवर" सांगितलं तर गाडी शोधत बसते. एक माणूस रस्त्यावर उभा करा.

एकट्यानं नाव घेऊन जाणाऱ्यांना हा उपाय नाही, हेही खरं आहे. ज्यांना बीपी, साखर आहे किंवा आधी असं काही होऊन गेलंय, त्यांनी एकट्यानं जाऊ नये.

दहा मिनिटांत बरं झालं तर?

कधी तोंड वाकडं होतं, हात जातो, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं. घरचे म्हणतात, सुटलो. सुटलो नाही. गाठ आली होती, स्वतःहून विरघळली, एवढंच. मागून दुसरी येऊ शकते, आणि सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन दिवसांत असतो. हा बंदुकीचा आवाज आहे, गोळी चुकली आहे. त्याच दिवशी हॉस्पिटल. पुढचा मोठा झटका टाळायची औषधं आहेत, आणि ती लगेच सुरू केली तर फार फरक पडतो.

पोस्टरच्या चार रिकाम्या ओळी

पहिली ओळ: डोक्याचा स्कॅन रात्रीसुद्धा होतो असं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं. बोर्ड बघून लिहू नका. आजच फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. सीटी स्कॅन चोवीस तास चालतो का? लकव्याचं गाठ विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडं देतात का? नसेल तर तुम्ही कुठं पाठवता? ही उत्तरं वेळेनुसार बदलतात, म्हणून सहा महिन्यांनी परत विचारा.

दुसरी ओळ: त्या हॉस्पिटलचा फोन. निघताना फोन करून सांगायचं की लकव्याचा पेशंट आणतोय, अमुक वाजेपर्यंत नीट होता. ते तयार राहतात, तुमची वीस मिनिटं वाचतात.

तिसरी ओळ: १०८ ला उशीर असेल तर गल्लीतला कोणता गाडीवाला रात्री उठेल, त्याचा नंबर. मोटरसायकलवर मध्ये बसवून न्यायचं नाही, लुळा माणूस घसरतो.

चौथी ओळ: घरात कोणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत. रक्त पातळ करायची असेल तर ती आधी लिहा, कारण त्यावर इंजेक्शनचा निर्णय बदलतो. अंदाजे वजनही लिहून ठेवा, औषध वजनावर मोजतात.

आयुष्मान कार्ड आणि आधार एका पिशवीत घालून पोस्टरच्या खिळ्यालाच अडकवा. पण पिशवी सापडत नसेल तर गाडी थांबवू नका, कार्ड मागून कुणीही आणून देईल.

शेवटची गोष्ट. १६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद असते, जाळी-नावा दुरुस्तीला काढतो. त्या दिवसांत घरातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर एकदा मोजून घ्या. लकव्यामागं सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपी आहे, मग साखर, बिडी-तंबाखू आणि दारू. आणि गोळी चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळंच. आपल्या त्या सभासदानं हेच सांगायला सांगितलंय. बोलायला त्याला वेळ लागतो, पण हे वाक्य त्यानं पूर्ण केलं.

पोस्टर संस्थेच्या ऑफिसात आहे. एका घराला एक, नावेसाठी पाहिजे असेल तर छोटं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं वेगळं आहे. ज्यांच्या घरी मराठी वाचत नाहीत त्यांनी हिंदीतलं मागा. घेऊन गेल्यावर घरातल्या पोरांकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या आणि आजीला हात उचलायला लावा. एकदा करून पाहिलेलं ऐन वेळी आठवतं.

सचिव